एकच आजी, सहा शॉट : निर्मित चित्रफितीत पात्र ओळखीचं कसं राहतं

(कांदिवली पश्चिमेला झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. पडद्यावर दाखवलेली चित्रे येथे वर्णनाने दिली आहेत. श्रोत्यांचे प्रश्न ज्या जागी आले त्याच जागी ठेवले आहेत.)

आज एकच गोष्ट घेऊन बसायचं आहे. चित्र तयार करणाऱ्या मॉडेलकडून आपण एक पात्र करून घेतो आणि पहिला शॉट छान येतो. दुसऱ्या शॉटमध्ये तीच बाई तिच्या धाकट्या बहिणीसारखी दिसते, तिसऱ्यात जावेसारखी आणि चौथ्यात एखाद्या मालिकेतल्या नटीसारखी. हे का होतं आणि ते थांबवायला नेमकं काय करायचं, एवढंच बोलू या.

उदाहरण आपल्या इथलंच घेऊ. एक काल्पनिक पात्र आहे, नाव जनाआजी. वय सत्तरीच्या आसपास, चारकोप गावठाणात राहते, मासळी विकते. उंची चार फूट दहा इंच, बांधा ठसठशीत, पाठ किंचित वाकलेली. रंग सावळा, उन्हाने रापलेला. डाव्या नाकपुडीत मोठी चमकी, गालावर खोल सुरकुत्या, समोरचा एक दात नाही. अंगावर कोळी पद्धतीचं, गुडघ्यापर्यंत येणारं, मागे कासोटा मारलेलं हिरवं लुगडं. तिचे सहा शॉट करायचे आहेत: पहाटे गल्लीतून निघताना दुरून, टोपली डोक्यावर घेतानाचा मध्यम शॉट, रेल्वेच्या पुलावर पाठमोरी, बाजारात जमिनीवर बसलेली, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा चेहरा, आणि शेवटी हसताना अगदी जवळून.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. ही मॉडेलं बहुतेक एका पद्धतीने चालतात: सुरुवात यादृच्छिक दाणेदार गोंगाटापासून होते, आणि तुमचं वर्णन वाचून तो गोंगाट टप्प्याटप्प्याने साफ होत चित्र बनतं. प्रत्येक शॉटला गोंगाट नवा असतो. आणि वर्णन, कितीही लांब असलं, तरी ते एका प्रकारच्या माणसांचं असतं, एका माणसाचं नसतं. ‘सत्तर वर्षांची सावळी कोळी बाई, नाकात चमकी’ या वर्णनात बसणाऱ्या हजारो बायका आहेत. मॉडेल दर वेळी त्यातली एक उचलतं. त्याला मागच्या वेळी कुठली उचलली होती ते आठवत नाही, कारण मागची वेळ त्याच्यासाठी झालेलीच नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी सहसा कोणी सांगत नाही. हे घसरणं सगळीकडे सारखं होत नाही. त्याला दिशा असते. मॉडेलने शिकताना जे चेहरे जास्त पाहिले, त्यांच्या सरासरीकडे चेहरा ओढला जातो. त्यामुळे जनाआजी चौथ्या शॉटपर्यंत दहा वर्षांनी तरुण होते, दोन छटा उजळ होते, सुरकुत्या गुळगुळीत होतात, पडलेला दात परत येतो, आणि गुडघ्यापर्यंतचं लुगडं खाली घोट्यापर्यंत येऊन समोर निऱ्यांची पाचवारी साडी होते. तुमचं पात्र त्या सरासरीपासून जितकं लांब, तितकं त्याला जास्त घट्ट धरावं लागतं. गोऱ्या, पंचविशीतल्या, पाश्चात्त्य पोशाखातल्या नायिकेला सहा शॉट सारखे येणं सोपं, कारण घसरली तरी ती स्वतःच्या आसपासच घसरते. आपली आजी घसरली की आपली राहतच नाही.

(एक श्रोता : सीड तोच ठेवला तर?)

सीड म्हणजे त्या सुरुवातीच्या गोंगाटाचा क्रमांक. सीड, वर्णन, मापं, मॉडेल सगळं तेच ठेवलं तर चित्र तेच येईल. पण आपल्याला तेच चित्र नको आहे, तीच बाई वेगळ्या चित्रात हवी आहे. ‘उभी’ऐवजी ‘बसलेली’ लिहिलं की त्याच गोंगाटातून चेहऱ्याची जागा बदलते, आणि जागा बदलली की चेहरा वेगळ्या दाण्यांतून घडतो. सीडने फार तर रंगसंगती आणि मांडणी थोडी सारखी राहते. ओळख त्यात साठवलेली नसते.

मग ओळख साठवायची कुठे? दोन जागा आहेत. एक, संदर्भचित्रात: दर शॉटला मॉडेलला शब्दांबरोबर आजीचं चित्रही द्यायचं. दोन, मॉडेलच्या आत: आजीच्या चित्रांवर मॉडेलला थोडं जास्तीचं प्रशिक्षण द्यायचं. ते कसं ते पुढे बघू. पण दोन्हीच्या मुळाशी एकच काम आहे आणि ते अॅनिमेशनवाले शंभर वर्षं करत आले आहेत: मॉडेल शीट. पात्र समोरून, पाऊणबाजूने, बाजूने, मागून. उभं, एकाच मापात, एका रांगेत. वर्तमानपत्रातला चिंटू रोज तोच वाटायचा, कारण डोकं आणि धड यांचं माप काढणाऱ्याच्या हातात बसलेलं होतं. आपल्या मॉडेलला हात नाही, म्हणून शीट लागते.

जनाआजीची शीट अशी करायची. आधी एक समोरचा चेहरा पक्का होईपर्यंत थांबायचं. इथे घाई करू नका. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. मग त्या एका चित्राचा संदर्भ देऊन बाकीच्या बाजू करून घ्यायच्या: डावी पाऊणबाजू, उजवी पाऊणबाजू, दोन्ही पूर्ण बाजू, पाठ, आणि दोन पूर्ण उंचीची चित्रं. प्रत्येक चित्र हाताने दुरुस्त करायचं. चमकी कुठल्या नाकपुडीत, दात कुठला नाही, पदर कुठल्या खांद्यावर, कासोटा मागे दिसतो का, हे एकेक तपासायचं. पार्श्वभूमी साधी करडी, उजेड सपाट, चेहऱ्यावर भाव नाही.

उजेड सपाट का? कारण संदर्भचित्रातलं सगळंच पुढे गळतं. आजीचं मूळ चित्र सूर्यास्ताच्या केशरी उजेडात असेल, तर मॉडेलला ते केशरीपण उजेडाचं आहे की कातडीचं हे कळत नाही. पहाटेच्या निळसर शॉटमध्येही तिचे गाल केशरी राहतात, किंवा उलट, तो केशरीपणा काढताना मॉडेल रंगच उजळ करून टाकतं. भावाचंही तसंच. हसणारं चित्र संदर्भाला दिलं तर आजी पुलावर एकटी चालतानाही हसते.

आता दोन वाटा. सहा शॉटच करायचे असतील तर संदर्भचित्राची वाट पुरते. २०२३ मध्ये आलेल्या आयपी-अॅडाप्टरपासून ही पद्धत रुळली, आणि २०२५ पासून एकाच वेळी दोन-तीन संदर्भ घेऊन चित्र बदलून देणारी मॉडेलं सहज मिळू लागली. इथे बरेच जण एकच चित्र देतात. तसं न करता शॉटच्या कोनाशी जुळणारी शीटमधली चित्रं द्या. पाठमोऱ्या शॉटला समोरचा चेहरा देऊन उपयोग नाही, उलट नुकसान होतं: मॉडेल चेहरा दाखवायच्या मोहात पडतं आणि आजीची मान फिरवतं. पुलावरच्या शॉटला पाठ आणि पूर्ण उंची, एवढंच द्यायचं.

पण साठ शॉट असतील, किंवा पात्र सरासरीपासून फार लांब असेल, तर प्रशिक्षण. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ड्रीमबूथ नावाची पद्धत मांडली: मोजक्या चित्रांवर मॉडेलला एका विशिष्ट वस्तूचं किंवा माणसाचं नाव शिकवायचं. आज ते बहुधा लोरा या हलक्या पद्धतीने करतात, ज्यात मूळ मॉडेल तसंच राहतं आणि त्याच्यावर बसणारी एक छोटी फाइल तयार होते. पंधरा ते तीस चांगली चित्रं लागतात. काल्पनिक आजीचे फोटो कुठून आणणार? शीटवरून शंभरेक चित्रं करून घ्यायची आणि त्यातली वीस निवडायची. निवडताना चेहरा अगदी तोच हवा, बाकी सगळं वेगळं हवं: उजेड, कोन, अंतर, भाव, पार्श्वभूमी. विसाच्या वीस चित्रांत मागे करडी भिंत असेल तर मॉडेल शिकतं की करडी भिंत हा आजीचाच भाग आहे.

यातली खरी मेख मथळ्यांत आहे, म्हणजे प्रत्येक चित्राबरोबर जी ओळ लिहितात तिच्यात. नियम उलटा वाटतो: जे लिहाल ते सुटं राहतं, जे लिहिणार नाही ते नावाला चिकटतं. आजीला आपण एक बनावट नाव देतो, मॉडेलने कधी न वाचलेलं. मथळा असा:

```
kvljana, sitting on the ground, side view,
market stall, morning light, mouth closed
```

यात सुरकुत्या नाहीत, सावळा रंग नाही, चमकी नाही, पडलेला दात नाही. मुद्दाम. त्या न लिहिल्यामुळे मॉडेल त्या `kvljana` या नावाच्याच मानतं, आणि पुढे फक्त नाव घेतलं की त्या येतात. बसणं, कोन, उजेड लिहिल्यामुळे ते बदलता येतात. लुगड्याचं काय? फिल्मभर तेच असेल तर लिहू नका. एका प्रसंगात लग्नाला नेसायचं दुसरं असेल, तर दोन्हीकडे लिहा. अनेक जण मथळे आपोआप लिहिणाऱ्या साधनाकडून घेतात, आणि ते साधन इमानदारीने ‘वृद्ध स्त्री, सुरकुतलेला चेहरा, नाकात दागिना’ असं सगळं लिहून मोकळं होतं. मग आजीची ओळख तिच्या नावातून निसटून त्या साध्या शब्दांत जाते, आणि ते शब्द मॉडेल पुन्हा सरासरीनेच वाचतं.

आणखी एक. प्रशिक्षणाच्या साधनांत चित्रं आरशासारखी उलटवून दुप्पट करायची सोय असते. लोराच्या एका प्रचलित साधनात ती `flip_aug` या नावाने दिसते. चित्रं कमी असताना ती चालू करायचा मोह होतो. आपल्या माणसांसाठी ती बंद ठेवा. चमकी डावीकडे, पदर एका ठरावीक खांद्यावर, भांग एका बाजूला: आपला पोशाख एका बाजूचा असतो. उलटवून शिकवलं की मॉडेल दोन्ही बाजू खऱ्या मानतं आणि चमकी शॉटागणिक इकडून तिकडे जाते. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण ही ती नव्हे, असं मात्र वाटतं.

प्रशिक्षण जास्त झालं हे कसं ओळखायचं? रडताना मागितलं तरी भाव तोच येतो. टोपली न मागता येते. तेव्हा मागच्या टप्प्यावर जतन केलेली फाइल घ्यायची. साधनं ठरावीक पावलांनंतर फाइल जतन करतात. त्या चार-पाच फायलींवर एकच वर्णन चालवून बघा. चेहरा पक्का झाला आहे पण भाव अजून ऐकतो, ती फाइल आपली.

(एक श्रोती : कपड्यांवरची नक्षी कधीच सारखी येत नाही. काठाचं काय करायचं?)

नक्षी सारखी राहत नाही कारण मॉडेलला नक्षीचा आराखडा माहीत नसतो, फक्त ‘इथे बारीक सोनेरी काहीतरी आहे’ एवढंच माहीत असतं. पैठणीच्या काठावरचा मोर सहा शॉटमध्ये सहा पक्षी होतो. माझा सल्ला नाटकाच्या वेशभूषाकाराचा आहे: पात्राला असे कपडे द्या की ते दुरून एका शब्दात सांगता येतील. हिरवं लुगडं, रुंद साधा लाल काठ, नक्षी नाही. पोत मॉडेल देईल. नक्षी कथेसाठी लागतच असेल, तर काठ नंतर वेगळा बसवा, म्हणजे नक्षीची खरी पट्टी चित्र संपादनात चढवा. कष्टाचं आहे, पण तोच एक भरवशाचा मार्ग.

कासोट्याची अडचण जास्त खोल आहे. ‘नऊवारी’ लिहिल्यावर बऱ्याच मॉडेलांत समोरून ती बरी येते आणि मागून साडीच होते, कारण मागून काढलेली चित्रं त्यांनी कमी पाहिली. आणि कोळी नेसण तर नऊवारी म्हणून जी सजलेली चित्रं फिरतात तिच्यापेक्षा निराळी. म्हणून शीटमधलं पाठीचं चित्र शब्दांवर सोडू नका. घरातल्या कुणाला तसं नेसायला सांगून मागून, बाजूने फोटो काढा आणि तेच संदर्भाला द्या. एक फोटो वर्णनाच्या दहा ओळींपेक्षा जास्त काम करतो.

आता प्रमाणं. चेहऱ्याची चिंता सगळे करतात, प्रमाणांकडे फार थोडे बघतात. चित्रकलेत उंची डोक्यांत मोजतात. साधारण प्रौढ माणूस सात-साडेसात डोक्यांचा. आपली आजी ठेंगणी आणि वाकलेली, म्हणजे सहा डोकी धरू. शीटवर हनुवटीपासून खाली रेघा मारून हे माप लिहून ठेवा. शॉट आला की तेवढीच मापून बघा. दुसऱ्या शॉटमध्ये आजी सात डोक्यांची निघाली, तर चेहरा कितीही जुळला तरी ती दुसरी बाई वाटणार.

प्रमाण बिघडायचं सर्वांत मोठं कारण म्हणजे उसना सांगाडा. टोपली डोक्यावर उचलण्याची मुद्रा नेमकी हवी म्हणून आपण कंट्रोलनेटसारखं साधन वापरतो. ते एखाद्या फोटोतून माणसाच्या सांध्यांचा काड्यांचा सांगाडा काढतं आणि मॉडेलला म्हणतं, असा उभा कर. फोटो बहुधा नेटवरचा किंवा गटातल्या एखाद्या सहा फुटी मुलाचा असतो. त्या काड्यांत फक्त मुद्रा नसते, हाडांची लांबीही असते. मग जनाआजीला त्या मुलाचे लांब पाय मिळतात. उपाय सोपा: मुद्रेचा फोटो त्याच बांध्याच्या माणसाचा घ्या. घरातली आई किंवा मावशी, उंची पाच फुटांच्या आत, आणि मोबाइल कमरेच्या उंचीवर धरलेला. खांद्याच्या उंचीवरून खाली बघत काढलेल्या फोटोत पाय आखूड होतात. तोही सांगाड्यात उतरतो.

शॉटमध्ये दुसरं माणूस असेल तर आणखी एक काळजी. पाचव्या शॉटमध्ये गिऱ्हाईक उभा आहे आणि आजी बसलेली. दोघांची उंची मॉडेल स्वतः ठरवतं, आणि त्याला वाटतं दोघंही साधारण सारखेच. ज्यांना थोडं थ्री-डी येतं त्यांनी ब्लेंडरमध्ये दोन करडे पुतळे खऱ्या मापात ठेवावेत, कॅमेरा लावावा आणि त्यांचा अंतराचा नकाशा मॉडेलला द्यावा. ज्यांना येत नाही त्यांनी गिऱ्हाइकाचे फक्त पाय दाखवावेत. मी हे गमतीने म्हणत नाही. दिग्दर्शकाने शॉट असा निवडला की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

पहिल्या शॉटकडे येऊ. दुरून, गल्ली, आजी चौकटीत छोटी. इथे चेहरा कधीच जुळत नाही, आणि याचं कारण साधं गणित आहे. ही मॉडेलं चित्र थेट रंगवत नाहीत, एका आक्रसलेल्या रूपात रंगवतात. स्टेबल डिफ्यूजनच्या एक्सएल आवृत्तीत १०२४ × १०२४ चं चित्र आत १२८ × १२८ चौकोनांचं असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला आठ पट आक्रसलेलं. आजीचा चेहरा चित्रात चाळीस ठिपके रुंद असेल, तर आत तो पाच चौकोनांचा. पाच चौकोनांत डोळे, नाक, सुरकुत्या, चमकी कशा मावणार? लोराचं तिथे चालत नाही, संदर्भाचंही नाही. मग चेहऱ्याचा भाग कापायचा, मोठा करायचा, त्या मोठ्या रूपावर आजीचं नाव आणि संदर्भ देऊन चेहरा पुन्हा रंगवायचा, आणि परत लहान करून जागेवर बसवायचा. हे आपोआप करणारी साधनंही आहेत. पण आधी विचारा, लागतं का? दुरून माणूस चेहऱ्याने ओळखत नाही. आपण आपल्या आईला स्टेशनच्या पुलावर गर्दीत चालण्यावरून, पदरावरून, हातातल्या पिशवीवरून ओळखतो.

फाळक्यांचा एक दाखला इथे फार बोलका आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. आपला प्रश्न उलटा करून बघा: चेहरा एक, माणसं दोन. आणि प्रेक्षकांनी ती दोन मानली, कारण वेश, केस आणि उभं राहणं वेगळं होतं. म्हणजे पडद्यावरची ओळख फक्त चेहऱ्यात नसते. पहिल्या आणि तिसऱ्या शॉटमध्ये लुगड्याचा रंग, टोपली आणि सहा डोक्यांचं माप नेमकं असलं की काम झालं.

आता हालचाल. स्थिर चित्रं सहाही जुळली, मग चित्रफीत. माझा आग्रह असा की शब्दांवरून थेट चित्रफीत करू नका. आधी प्रत्येक शॉटचं पहिलं चित्र पक्कं करा, आणि त्या चित्राला हलवा. म्हणजे ओळखीचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, मॉडेलला फक्त पुढचे पाच-सात सेकंद सांभाळायचे असतात. तरी तिथे दोन जागी घात होतो.

पहिली: पात्र शॉटमध्येच पाठ फिरवतं आणि परत वळतं. पाठ असताना चेहरा चौकटीतच नसतो, आणि वळताना मॉडेल तो नव्याने कल्पून काढतं. परत येणारा चेहरा बहुधा सरासरीकडे सरकलेला असतो. अशा जागी शॉट तोडा. पाठ फिरली, कट, नवा शॉट, नवं पक्कं चित्र. किंवा ज्या साधनांत पहिलं आणि शेवटचं चित्र दोन्ही देता येतं, तिथे वळल्यानंतरचा चेहराही तुम्हीच द्या.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण ती सोयीची वाटते. शॉट लांब हवा म्हणून आधीच्या तुकड्याचं शेवटचं चित्र घेऊन त्यावरून पुढचा तुकडा करायचा, मग त्याच्या शेवटच्यावरून पुढचा. झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यासारखं आहे हे. प्रत्येक पायरीला थोडी सुरकुती जाते, रंग थोडा भडक होतो, चौथ्या तुकड्यात आजी मेणाची. शेजारचे दोन तुकडे बघितले तर फरक दिसत नाही, पहिला आणि चौथा शेजारी ठेवले की धक्का बसतो. म्हणून साखळी करू नका. दर तुकड्याचं सुरुवातीचं चित्र मूळ शीटकडे परत जाऊन करा, आणि फरक नेहमी शीटशी मोजा, मागच्या शॉटशी नव्हे.

मोजायचं कसं? आधी डोळ्याने. सहाही शॉटमधले चेहरे भुवईपासून हनुवटीपर्यंत कापा, सारख्या आकाराचे करा, काळे-पांढरे करा आणि शीटच्या चेहऱ्याशेजारी एका ओळीत लावा. काळे-पांढरे अशासाठी, की उजेडाच्या रंगाने डोळा फसतो. मग भाव सोडून सांगाडा बघा: दोन डोळ्यांतलं अंतर, नाक ते ओठ अंतर, जबड्याची रुंदी, केसांची रेघ, कान. कानाकडे कुणी बघत नाही आणि तोच आधी बदलतो. शक्य असेल तर ज्याने ही फिल्म पाहिली नाही अशा माणसाला पट्टी दाखवा आणि विचारा, यात किती बायका आहेत?

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी चेहरे ओळखणारं मॉडेल आहे. ते चेहऱ्याचा अंकांचा एक ठसा काढतं आणि दोन ठसे किती जवळ आहेत ते सांगतं. एकाच्या जवळ म्हणजे जुळलं.

```python
import cv2
from insightface.app import FaceAnalysis
app = FaceAnalysis(name="buffalo_l")
app.prepare(ctx_id=0)
def v(p):
    return app.get(cv2.imread(p))[0].normed_embedding
print(v("master.png") @ v("shot5.png"))
```

यात तयार मॉडेल व्यावसायिक वापरासाठी मोकळं नाही, अभ्यासापुरतं आहे, हे ध्यानात ठेवा. आणि नेटवर कुणी सांगितलेला उत्तीर्ण आकडा वापरू नका. आधी शीटमधलीच चित्रं एकमेकांशी तपासा. समोरचा चेहरा आणि शीटमधला बाजूचा चेहरा यांचा आकडा जर ०.५५ आला, तर बाजूच्या शॉटकडून ०.८ ची अपेक्षा करणं चूक. कोनानुसार कोनाशी तुलना. शिवाय हा आकडा कपड्यांबद्दल, उंचीबद्दल, रंगाबद्दल काही बोलत नाही. आजी तीन छटा उजळ झाली तरी तो खूश असू शकतो. त्यासाठी शीटवरच्या गालाचा आणि शॉटमधल्या गालाचा रंग शेजारी ठेवून बघायला तुमचा डोळाच लागतो.

एवढं करूनही सहातला एखादा शॉट ऐंशी टक्क्यांवर अडतो. तिथे संकलक वाचवतो. दोन सारख्या आकाराचे चेहऱ्याचे शॉट लागोपाठ आले की बारीक फरकही उघडा पडतो. मध्ये हात, तराजू, बर्फावरची मासळी, काहीही दोन सेकंद टाका, किंवा जवळच्यानंतर एकदम दूरचा घ्या. आपल्या सहात पाचवा आणि सहावा दोन्ही जवळचे आहेत. मी त्यांच्यामध्ये सुट्टे पैसे मोजणारे तिचे हात ठेवले. बांगड्या मात्र मोजून घ्या, चौथ्या शॉटमध्ये किती होत्या ते बघून.

(एक श्रोता : मोबाइलवरच काम करतो. लोरा वगैरे जमणार नाही. मग?)

मग शीटवर जास्त वेळ घालवा आणि शॉट कमी ठेवा. मोबाइलवरची बहुतेक साधनं दोन-तीन संदर्भचित्रं घेतात. चेहऱ्याचं एक, पूर्ण उंचीचं एक, आणि जागेचं एक, असं द्या, आणि वर्णनात चेहऱ्याबद्दल एकही शब्द लिहू नका. ‘वृद्ध, सुरकुतलेली’ असं लिहिलंत की मॉडेल चित्र सोडून शब्दाकडे वळतं. लिहायचं फक्त काय करते, कुठे, कुठल्या उजेडात. आणि एकाच संभाषणात वीस वेळा ‘आता हे बदल, आता ते बदल’ करत राहू नका. तीही झेरॉक्सचीच साखळी. तीन बदलांनंतर मूळ शीट पुन्हा देऊन नवीन सुरुवात करा.

(एक श्रोती : आमच्या शेजारच्या खऱ्या आजींचाच चेहरा वापरला तर सोपं नाही का? फोटो भरपूर आहेत.)

तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. खरे फोटो असले की शीटमधली सगळी ओढाताण वाचते, आणि चेहरा सरासरीकडे घसरायलाही कमी जागा मिळते. पण त्या आजींना समोर बसवून तयार झालेले दोन-तीन शॉट दाखवा, त्यांच्या तोंडी काय वाक्यं आहेत ती वाचून दाखवा, आणि मगच लेखी परवानगी घ्या. फोटो वापरू का, एवढं विचारून भागत नाही, कारण त्या फाइलमधून उद्या त्यांच्याकडून काहीही बोलवून घेता येतं. परवानगीत लिहा: कुठल्या फिल्मसाठी, लोराची फाइल कुणाकडे राहणार, काम झाल्यावर ती पुसणार की नाही. त्या नको म्हणाल्या, तर फक्त लुगडं कसं नेसतात त्याचे, चेहरा न येणारे, मागून आणि बाजूने फोटो मागा. मघाशी सांगितलं तसं, शीटमध्ये सर्वांत जास्त तेच लागतात.